आकडा तोच, प्रश्न वेगळा

आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडचे प्रश्न मराठीत आणताना एक समज हमखास आड येतो: थिअरीचे प्रश्न अवघड, गणिताचे सोपे. आकडे आणि एकके जशीच्या तशी उतरवली की झाले, सूत्र तर बदलत नाही. यात अर्धे तथ्य आहे. 230 हा आकडा कुठल्याही भाषेत 230च राहतो. पण तो कशाचा आणि कोणत्या अटीवर, हे वाक्य सांगते. आणि भाषांतरात वाक्यच बदलते.

एक प्रश्न घेऊ. हीटरचे रेटिंग 230 व्होल्ट, 1000 वॅट आहे. तो 115 व्होल्टच्या सप्लायला जोडला तर किती करंट घेईल? आता हाच प्रश्न असा उतरला समजा: ‘1000 वॅट वीज घेणारा 230 व्होल्टचा हीटर 115 व्होल्टला जोडल्यास करंट किती?’ तिन्ही आकडे बरोबर आहेत, पण 230 व्होल्ट मिळाले तरच 1000 वॅट, ही अट पुसट झाली. ‘वीज घेणारा’ वाचून विद्यार्थी 1000ला 115ने भागतो आणि 8.7 अँपिअर काढतो. वास्तविक 230चा वर्ग भागिले 1000, म्हणजे 52.9 ओहम हा हीटरचा रोध. तो कायम धरला तर 115 व्होल्टवर करंट 2.17 अँपिअर आणि पॉवर अवघी 250 वॅट.

यावर म्हटले जाते, इंग्रजी प्रश्न शेजारीच छापलेला असतो. शंका आली तर पाहावा. पण शंका येणार कशी? बहुपर्यायी प्रश्नातले चुकीचे पर्याय नेहमीच्या चुकांवरूनच बेतलेले असतात. 8.7 समोर दिसला की विद्यार्थी निश्चिंत होऊन खूण करतो.

प्रत्ययही असाच घात करतो. याच हीटरचे व्होल्टेज 20 टक्क्यांनी घटले तर पॉवर 64 टक्के उरते. 20 टक्क्यांवर घटले तर फक्त 4 टक्के. एककांचेही तेच. इंग्रजी एम मोठा असेल तर मेगा, छोटा असेल तर मिली. देवनागरीत लहानमोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे ‘एम ओहम’ लिहिले की इन्सुलेशनच्या प्रश्नात 100 कोटी पटींचा घोळ होऊ शकतो. तिथे ‘मेगओहम’ पूर्णच लिहायला हवे.

म्हणून मूळ मजकुराशी शब्द ताडून पाहणे पुरेसे नाही. भाषांतरकाराने आधी प्रत्येक आकड्यापुढे तो कशाचा आणि कोणत्या अटीवर, हे टिपावे. मग इंग्रजी आणि पर्याय दोन्ही झाकून मराठी प्रश्न दुसऱ्याकडून सोडवून घ्यावा. सोडवणारा मुरलेला शिक्षक नसावा, कारण गळालेली अट तो सवयीने मनातच भरून घेतो. नुकताच ट्रेड उत्तीर्ण झालेला कारागीर बरा. त्याने काढलेले उत्तर मूळ प्रश्नाच्या उत्तराशी आणि आकड्यांचे लावलेले अर्थ त्या टिपणाशी जुळले, तरच प्रश्न छपाईला द्यावा.