एककांतर-पडताळणी
मेट्रिक एककांच्या स्वाध्यायपत्रिकेतील उत्तर परिमाणाने आणि प्रमाणाने तपासण्याची रीत. तुळजापूर तालुक्यातील अणदूरसारख्या गावात, जेथे सातबाऱ्यावर जमिनीचे क्षेत्र हेक्टर-आर यांत नोंदलेले असते, तेथे पुढील उदाहरण घेता येते: १ हेक्टर ५ आर शेतावर २० मिलिमीटर पाऊस पडला, तर किती लिटर पाणी पडले?

प्रथम परिमाण पाहावे: क्षेत्रफळ म्हणजे लांबीचा वर्ग, पावसाची उंची म्हणजे लांबी; त्यांच्या गुणाकारातून लांबीचा घन, म्हणजेच घनफळ निघते, म्हणून उत्तर लिटरमध्ये येणे युक्त ठरते. नंतर एकके एकसारखी करावीत. १ हेक्टर म्हणजे १०० आर व १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणून क्षेत्र १०,५०० चौरस मीटर, पाऊस ०.०२ मीटर, गुणाकार २१० घनमीटर, अर्थात २,१०,००० लिटर.

येथील नेहमीची चूक अशी, की १ हेक्टर ५ आर हे क्षेत्र १.०५ ऐवजी १.५ हेक्टर लिहिले जाते आणि उत्तर ३,००,००० लिटर येते. परिमाण दोन्ही उत्तरांत घनफळाचेच असल्याने ही चूक परिमाणाच्या तपासणीस सापडत नाही. त्या तपासणीची मर्यादा हीच. परंतु प्रमाणाने पाहता, १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी, यावरून २० मिलिमीटर पावसाने एका हेक्टरचे २,००,००० लिटर होतात. उरलेले ५ आर हेक्टरचा केवळ विसावा भाग असल्याने त्यांची भर १०,००० लिटरांहून अधिक असूच शकत नाही, आणि ३,००,००० हे उत्तर तत्काळ बाद ठरते.