गुलाबजाम, खव्याचा : तडकणे व विरघळणे

खव्याचा गोळा तुपात किंवा पाकात फुटणे वा विरघळणे. दोष पाकात दिसला, तरी बहुधा तो परातीत किंवा कढईत आधीच झालेला असतो.

गुलाबजामसाठी ओलसर, मऊ असा हरियाली खवा घेतात. पेढ्या-बर्फीचा घट्ट खवा त्याला कोरडा पडतो. खव्यात स्निग्धांश भरपूर असतो आणि तो तुपात पडताच वितळतो. त्या वेळी गोळा धरून ठेवायचे काम मैद्याचे. त्यातला स्टार्च उष्णतेने फुगून घट्ट होतो व चिकट प्रथिने जाळे विणतात. पाव किलो खव्याला साधारण ५० ग्रॅम मैदा व चिमूटभर खाण्याचा सोडा पुरतो. त्यात सुपारीपेक्षा थोडे मोठे पंचवीसेक गोळे होतात. मैदा कमी पडला, तर गोळा अनारशासारखा तुपात हसतो, किंवा कसाबसा तळून निघाला तरी पाकात त्याचा चुरा होतो. म्हणून मैदा वाढवत नेणे हा सोपा, पण वाईट उपाय: गुलाबजाम रबरी होतो आणि पाक आत शिरत नाही.

मळण्याचे दोन टप्पे आहेत आणि घरोघरी त्यांचीच गल्लत होते. आधी नुसता खवा तळहाताने रगडून त्यातले कण मोडायचे. हाताला किंचित तूप लागू लागले की थांबायचे. मग मैदा घालून हलक्या हाताने फक्त एकजीव करायचे. पोळीच्या कणकेसारखे तिंबल्यास मैद्याचा चिवटपणा वाढतो. वळलेल्या गोळ्यावर केसाएवढी रेघ दिसली, तर पीठ कोरडे आहे. चमचाभर दूध लावून पुन्हा वळावे. तळताना ती रेघच उलते.

गोळा गुळगुळीत असूनही तडकला, तर तूप जास्त तापलेले किंवा सोडा जास्त झालेला असतो. कडक तुपात बाहेरचा थर आधी घट्ट बसतो. मग आतली वाफ व वायू फुगून तो फोडतात. खव्यातली दुग्धशर्करा लवकर लाल होत असल्याने रंगावर भिस्त ठेवू नये. लालबुंद गुलाबजाम आत कच्चा असू शकतो, आणि तसाच पाकात मध्यापासून ढासळतो. तूप सुमारे १३० ते १४० अंश सेल्सिअस असावे: गोळा तळाशी जाऊन सावकाश वर येतो व मंद आचेवर आठ-दहा मिनिटे घेतो. फारच कोमट तुपात मात्र तो बसण्याआधीच सुटतो. सगळे गोळे वळण्यापूर्वी एक तळून पाहावा. तो सुटला, तर उरलेल्या पिठात चमचाभर मैदा मिसळता येतो.

पाक चिकट हवा, एकतारी नको. दाट पाकात गुलाबजाम आक्रसतो. पाक गरम असावा, पण उकळता नसावा, कारण उकळीने नाजूक साल सुटते.