चांदबीबीचा महाल की दुसरेच काही? जुन्या छायाचित्रातली वास्तू कशी ओळखावी

१/ स्थानिक वृत्तपत्राच्या संपादकांना येणाऱ्या पत्रांत एक प्रकार नेहमीचा असतो : सोबत जुने छायाचित्र आणि खाली विनंती, ‘ही वास्तू कोणती, वाचकांनी कळवावे.’ अहिल्यानगरात (पूर्वीचे अहमदनगर) छायाचित्रातली इमारत अष्टकोनी आणि घुमटाची असली, तर पहिले उत्तर बहुधा ठरलेले : ‘चांदबीबीचा महाल.’

२/ या नावाने ओळखली जाणारी वास्तू शहराच्या पूर्वेला, पाथर्डीच्या वाटेवर शहा डोंगरावर आहे. ती महाल नाही. मुर्तझा निजामशहाचा (१५६५–१५८८) वजीर दुसरा सलाबतखान याची ती कबर आहे. चांदबीबीने १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध किल्ला लढवला. त्या कीर्तीपुढे वजिराचे नाव लोकांच्या बोलण्यातून पुसले गेले.

३/ शिवाय नगरात अष्टकोनी वास्तू एकच नाही. आग्नेयेला फराहबाग आहे. तिथली पहिली इमारत मुर्तझाला पसंत पडली नाही, म्हणून ती पाडून नव्याने बांधली, असे सांगतात. ते काम १५८३ मध्ये पुरे झाले. उत्तरेला सावेडीकडे हश्त बिहिश्त, म्हणजे ‘आठ स्वर्ग’, हाही अष्टकोनीच होता. आज त्याचे भग्नावशेषच उरले आहेत.

४/ मग ओळखायचे कसे? प्रथम मजले मोजावेत. डोंगरावरच्या कबरीत कमानींचे तीन थर एकावर एक चढतात. फराहबाग दोन मजली असून तिच्या बाजूंच्या मध्यभागी उंच, खोल कमानी आहेत. त्यानंतर पायाकडे पाहावे. फराहबाग तलावाच्या मधोमध ओट्यावर उभी आहे, म्हणून भोवती पाणी किंवा कोरडा खोलगट भाग दिसतो. कबरीभोवती उतरता डोंगर आणि मोकळे आकाश दिसते.

५/ इथे एक फसगत संभवते. काचेची निगेटिव्ह उलटी धरून छापली, तर डावे-उजवे बदलते. अष्टकोनी इमारत दोन्ही बाजूंनी सारखीच, त्यामुळे ही चूक इमारतीवरून कळत नाही. ती क्षितिजावरच्या डोंगररेषेवरून किंवा चित्रात असलेल्या एखाद्या पाटीच्या अक्षरांवरून कळते.

६/ छायाचित्रामागे ‘चांदबीबीचा महाल’ असे लिहिलेले असले, तरी त्यावरून वास्तूचा कर्ता ठरत नाही. लिहिणाऱ्याच्या काळी लोक तिला काय म्हणत, एवढेच त्यातून सिद्ध होते. तेही नोंदवण्याजोगे आहे, पण वेगळ्या रकान्यात.

७/ म्हणून चांगल्या पत्रात चित्राच्या मागच्या बाजूचा मजकूर जसाच्या तसा द्यावा आणि वाचकांना नावाबरोबर कारणही विचारावे. ‘सगळे असेच म्हणतात’ अशी दहा उत्तरे आली, तरी तो पुरावा एकच असतो. ‘माझ्या लहानपणी या ओट्याभोवती पाणी असे’ असे एकच उत्तर आले, तर ते जागेवर जाऊन पडताळता येते. पडताळणी झाली नाही, तर वजिराची कबर आणखी एकदा राणीचा महाल म्हणून छापली जाते.