कर्जाचे गाठोडे आणि जामीनकीचे नवे नाव : २००८ च्या अरिष्टाची पूर्वपीठिका

सप्टेंबर २००८ च्या अखेरीस भारतातील काही शहरांत आयसीआयसीआय बँकेच्या पैसे काढण्याच्या यंत्रांपुढे रांगा लागल्या. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन पेढी १५ सप्टेंबर रोजी बुडाली होती आणि मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या या बँकेच्या ब्रिटनमधील उपकंपनीजवळ लेहमनचे ५ कोटी ७० लक्ष युरोंचे रोखे होते. बँकेच्या एकंदर व्यवहारापुढे ही रक्कम किरकोळ होती. तरीही ३० सप्टेंबर रोजी रिझर्व्ह बँकेला ठेवीदारांना धीर देणारे निवेदन काढावे लागले. अमेरिकेतील घरकर्जांशी ज्यांचा सुतराम संबंध नव्हता अशा ठेवीदारांना आपल्या पैशाची शंका का यावी, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. बाजारगप्पांचा परिणाम एवढे म्हणून तो संपत नाही, कारण आपली जोखीम नेमकी कोठे आहे हे त्या वेळी जगातील मोठमोठ्या पेढ्यांनाही सांगता येत नव्हते.

रत्नागिरीसारख्या गावी पतपेढीतून घरासाठी कर्ज घेणाऱ्यास तारण द्यावे लागते आणि बहुधा दोन जामीनदारही उभे करावे लागतात. कर्ज देणारा, घेणारा आणि जामीन राहणारा ही तिन्ही माणसे एकमेकांस ओळखतात आणि कर्ज फिटेपर्यंत एकाच खतावणीत राहतात. अमेरिकेत १९९० नंतर, आणि विशेषतः २००० नंतर, ही साखळी तुटत गेली. कर्ज देणारी संस्था ते कर्ज लगेच विकून टाकी. विकत घेणारी पेढी अशी हजारो कर्जे एकत्र बांधी आणि त्या गाठोड्यावर रोखे काढी. हप्ते बुडाले तरी मूळ देणाऱ्याचे फारसे बिघडत नसल्यामुळे, कर्जदाराची ऐपत पाहण्याचे कारणच त्याला उरले नाही.

आता गाठोड्याची रचना पाहू. उदाहरणादाखल शंभर रुपयांचे एक गाठोडे घेऊ आणि त्याचे तीन थर करू : वरचा ८० रुपयांचा, मधला १५ चा आणि खालचा ५ चा. तोटा आला की तो प्रथम खालच्या थरावर पडतो, मग मधल्यावर आणि सर्वांत शेवटी वरच्यावर. वरचा थर सुरक्षित असल्यामुळे पतमापन संस्था त्याला सर्वोच्च श्रेणी देत, आणि इथपर्यंत त्यात गैर काही नव्हते. मधले थर मात्र सहजी खपत नसत. म्हणून अनेक गाठोड्यांतील मधले थर गोळा करून त्यांचे दुसरे गाठोडे बांधण्यात आले आणि त्याचेही थर पाडण्यात आले. या दुसऱ्या गाठोड्यातील शंभरांपैकी वरचे ७५ रुपये पुन्हा सर्वोच्च श्रेणीचे ठरले.

मूळ कर्जांत दहा टक्के तोटा आला असे धरू. पहिल्या गाठोड्यातील खालचे ५ रुपये गेले आणि मधल्या १५ पैकी ५ गेले, म्हणजे मधल्या थराचा तिसरा हिस्सा नाहीसा झाला. दुसरे गाठोडे अशाच मधल्या थरांचे असल्याने त्याच्या शंभरांतून ३३ रुपये गेले. त्यातील २५ खालच्या थरांनी सोसले आणि उरलेले ८ 'सर्वोच्च' म्हणवणाऱ्या थरावर पडले. तोटा वीस टक्क्यांवर गेला की दुसरे गाठोडे समूळ संपते. पहिल्या गाठोड्याचा वरचा थर तेव्हाही शाबूत असतो. म्हणजे दोन कागदांवर श्रेणी एकच होती, परंतु एकाच घटनेत एक टिकत होता आणि दुसरा शून्य होत होता. ही रचना एका गृहीतावर उभी होती : निरनिराळ्या प्रांतांतील घरकर्जे एकाच वेळी बुडणार नाहीत. २००६ नंतर घरांच्या किमती देशभर उतरू लागल्या आणि ते गृहीत कोसळले.

जोखीम झाकणारे दुसरे साधन क्रेडिट डिफॉल्ट स्वॅप हे होय. एक पक्ष दुसऱ्यास दरवर्षी ठरावीक रक्कम देतो आणि त्याबदली दुसरा पक्ष अमुक रोखा बुडाल्यास भरपाई करण्याची हमी घेतो. आपल्या भाषेत ही जामीनकी, किंवा विमा. परंतु 'स्वॅप' म्हणजे अदलाबदल, आणि या नावाचे परिणाम केवळ शाब्दिक नव्हते. विमा म्हटला की विमेदाराचा त्या वस्तूत हितसंबंध असावा लागतो आणि विमा कंपनीला गंगाजळी राखावी लागते. अदलाबदलीला यांपैकी काहीच लागत नसे, आणि अमेरिकेतील २००० सालच्या कायद्याने असे करार बहुतांश देखरेखीबाहेर ठेवले. त्यामुळे ज्याच्याजवळ रोखा नाही त्यालाही त्या रोख्यावर हमी घेता येऊ लागली. मुंबईत एके काळी न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर पैजा लागत, आणि पैज लावणाऱ्याजवळ कापसाचे एक बोंडही नसे. हा व्यवहार त्याच जातीचा.

एप्रिल २००७ मधील 'अबॅकस' हा व्यवहार याचा नमुना होय. गोल्डमन सॅक्सने रचलेल्या या व्यवहारात एकही कर्ज खरेदी झाले नाही, केवळ ९० घरकर्ज-रोख्यांची नावे यादीत होती. ते बुडावेत म्हणून पैज लावणाऱ्या पॉलसन यांच्या पेढीचा ही यादी ठरवण्यात हात होता, आणि ही गोष्ट खरेदीदारांस सांगितली गेली नाही. नऊ महिन्यांत यादीतील ९९ टक्के रोख्यांची श्रेणी उतरली. आयकेबी या जर्मन बँकेचे सुमारे १५ कोटी डॉलर गेले. गोल्डमनने २०१० मध्ये ५५ कोटी डॉलर भरून सरकारी फिर्याद मिटवली. येथे ध्यानात घ्यावयाचे ते हे की, मूळ कर्जे होती तेवढीच राहिली, तोट्याचे वारसदार मात्र वाढले.

हमी घेणाऱ्यांत एआयजी या विमासमूहाची एक शाखा अग्रणी होती. तिने घरकर्जांवरील नव्या हमी २००५ च्या अखेरीस थांबवल्या, परंतु जुन्या कायम होत्या. त्यांत असे कलम होते की रोख्यांचा भाव उतरल्यास किंवा एआयजीची श्रेणी घटल्यास लगेच तारण द्यावे. म्हणजे रोखा प्रत्यक्ष बुडण्यापूर्वीच रोकड मागितली जाणार होती. १५ सप्टेंबर २००८ रोजी एआयजीची श्रेणी घटली आणि दुसऱ्याच दिवशी ८५०० कोटी डॉलरांचे सरकारी कर्ज तिला घ्यावे लागले. ज्यांनी तिची हमी घेऊन आपली जोखीम संपली असे मानले होते, त्या सर्वांची जोखीम एकाच दारात साचली होती.

आता मुंबईकडे परत येऊ. मार्च २००८ मध्येच संसदेत सांगण्यात आले होते की, परदेशातील पतविषयक करार व रोखे यांपोटी आयसीआयसीआय बँकेला भावातील उतारामुळे सुमारे २६ कोटी ४० लक्ष डॉलरांचा तोटा दिसत आहे. अमेरिकेतील हलक्या घरकर्जांत आपली गुंतवणूक नाही, असे बँकेचे म्हणणे होते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, कारण कोणाची पत खरी हे ओळखता येईनासे झाले की सर्वांच्याच पतीचा भाव उतरतो. देशांतर्गत चित्र निराळे होते. रिझर्व्ह बँकेच्या फेब्रुवारी २००६ च्या नियमांनुसार, कर्जे विकून झालेला नफा त्याच दिवशी जमा न धरता रोख्याच्या मुदतीवर विभागावा लागे. क्रेडिट डिफॉल्ट स्वॅपना तर येथे २०११ पर्यंत मुभाच नव्हती. म्हणून आपल्याकडे अफवा आली, अरिष्टाचे मूळ मात्र रुजले नाही.

जोखीम वाटल्याने ती कमी होते, हा सिद्धान्त मुळात चुकीचा नव्हे. परंतु वाटलेली जोखीम कोणाच्या वाट्यास आली हे नोंदीवरून वाचता आले पाहिजे. जामीनकीला जामीनकी म्हटले असते तर जामीनदाराची ऐपत विचारणे कायद्याला भाग पडले असते. तिला दुसरे नाव मिळाले आणि तो प्रश्न आठ वर्षे कायद्याने विचारलाच नाही.