वर्ष, साल आणि चारशेचा भागाकार

‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत’ असे वडीलधारे म्हणतात, तेव्हा ते ‘वर्ष’ या शब्दाचा मूळ अर्थच सांगत असतात. धातू ‘वृष्’. आधी पाऊस, मग पावसाळा, मग एका पावसाळ्यापासून दुसऱ्यापर्यंतचा काळ, असा त्याचा प्रवास असावा. ‘अब्द’ची जुनी व्युत्पत्तीही ‘पाणी देणारा’ अशीच, म्हणजे पुन्हा मेघ. ‘शरद्’ हा ऋतू, पण शंभर शरद म्हणजे शंभर वर्षे. याच शरदाचे इराणी भावंड अवेस्तात ‘सरेद’ असे दिसते आणि फारसीत झिजून ‘साल’ होते. संस्कृत ‘शत’ फारसीत ‘सद’ झाले, तिथेही ‘श’चा ‘स’ आहेच. तेव्हा आपले ‘साल’ फारसीच्या दारातून आले खरे, पण ते शरदाचे चुलत भावंडच.

ही सारी नावे ऋतूची. वर्षाने ऋतूशी इमान राखावे, ही अपेक्षा त्या नावांतच आहे, आणि लीप वर्षाचा खटाटोप त्याचसाठी. ‘लीप’ म्हणजे उडी. एखाद्या तारखेचा वार दरवर्षी एक घर पुढे सरकतो, पण २९ फेब्रुवारी मध्ये आली की दोन घरे. त्या उडीवरून हे नाव पडले असावे. मराठी पर्याय ‘प्लुत वर्ष’ मला अधिक भावतो. ‘प्लु’मध्ये उडी आहेच, शिवाय व्याकरणात ‘प्लुत’ म्हणजे लांबवलेला, तीन मात्रांचा स्वर. उडी आणि लांबण, दोन्ही एकाच शब्दात. अरबी-फारसीतल्या ‘कबीसा’चा धातू ‘क-ब-स’ हा दाबून भरण्याचा. म्हणजे तिथे तो दिवस कोंबून बसवलेला दिसतो.

कोंबायचे किती, हा खरा प्रश्न. ऋतुचक्राचे वर्ष सुमारे ३६५.२४२२ दिवसांचे. जुलियन पंचांगाने ते ३६५.२५ धरले, म्हणजे दर वर्षी सुमारे अकरा मिनिटे जास्त. चारशे वर्षांत वरकड अपूर्णांक ०.२४२२ × ४०० म्हणजे ९६.८८, जवळपास ९७ दिवस होतो. जुलियन रीत मात्र १०० प्लुत वर्षे देते. तीन गाळायची. चारशे वर्षांत शतकवर्षे चारच असतात, त्यांतली तीन साधी ठेवली आणि चारशेने भाग जाणारे एक प्लुत ठेवले, की हिशेब जुळला आणि नियम तोंडपाठ राहिला. लिलिउसच्या योजनेवरून पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ साली हे लागू केले. साचलेले दहा दिवसही तेव्हाच काढले: ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर. त्यामुळे १६०० प्लुत, १७००, १८००, १९०० साधी, २००० पुन्हा प्लुत.

लांबचे अंतर मोजताना इथेच ठेच लागते. इंग्लंडने नवी रीत १७५२पर्यंत घेतली नव्हती, आणि आपल्या इतिहासातल्या तिथींच्या रूढ इंग्रजी तारखाही त्या काळापुरत्या बहुधा जुलियन आहेत. शिवजन्म घ्या. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. रूढ तारीख १९ फेब्रुवारी १६३०. ग्रेगरीय चक्र चारशे वर्षांत १,४६,०९७ दिवसांचे असते आणि ही संख्या सातने पूर्ण भागली जाते, म्हणून चारशे वर्षांनी तीच तारीख त्याच वारी येते. १९ फेब्रुवारी २०३०ला मंगळवार आहे, तेव्हा १६३०लाही नव्या रीतीने मंगळवारच यायला हवा. पण नोंद शुक्रवारची. याचा अर्थ तारीख जुलियन आहे. तीत दहा दिवस मिळवले की १ मार्च १६३० येते, आणि १ मार्च २०३०ला शुक्रवारच आहे. वार चुकला की रीत उघडी पडते, ती अशी.

उलट पानिपतची १४ जानेवारी १७६१ नव्या रीतीची. शिवजन्मापासून पानिपतपर्यंतचे दिवस या दोन रूढ तारखा सरळ वजा करून काढले, तर ते दहाने जास्त येतील. अंतर नेहमीच दहाचे नसते, हेही ध्यानात ठेवावे. जुलियन पंचांगात १७०० प्लुत होते, ग्रेगरीयमध्ये नव्हते, म्हणून त्या वर्षीच्या फेब्रुवारीनंतर दोहोंतला फरक अकरा झाला, १८००नंतर बारा, १९००नंतर तेरा. २००० दोन्हींत प्लुत असल्याने तो तेरावरच थांबला आहे. २१००ला चौदा होईल.

‘तारीख’ हा शब्दही अरबी, आणि त्याच्या मुळाशी चंद्र किंवा महिना असा अर्थ असलेला सेमिटिक धातू असावा असे दिसते. म्हणून जुनी नोंद उतरवून घेताना नुसती तारीख घेऊ नका. सोबतची तिथी आणि वार दोन्ही लिहून ठेवा.