तळटीप : ‘पांढरा हमखास जिंकतो’

* मूळ मजकुरात एवढाच निकाल दिला आहे. ठाणे, कल्याण-डोंबिवलीत स्पर्धा खेळणाऱ्या मुलांनी असा दावा पटावर तपासून पाहावा, म्हणून १८९५ साली ग्लासगोत गाजलेली स्थिती देतो.

पांढरा : राजा सी२, प्यादे सी७. काळा : राजा ए१, हत्ती डी४. खेळी पांढऱ्याची. प्याद्याचा वजीर केला, तर काळा हत्ती सी४ वर शह देतो. वजिराने तो मारला की काळ्या राजाचे ए२ हे एकमेव घरही बंद होते, आणि स्टेलमेट! ही स्थिती छापणाऱ्या बार्बिए यांनी म्हणूनच डाव बरोबरीचा ठरवला. फादर साव्हेद्रा यांनी वजिराऐवजी हत्ती केला. आता सी४ वर मारामारी झाली तरी ए२ मोकळे राहते. शिवाय ए८ वर मातेची धमकी आहे. हत्ती न गमावता ती अडवणारी खेळी एकच, हत्ती ए४. त्यावर राजा बी३ : काळा हत्ती माराखाली आणि सी१ वर मातही.

पांढऱ्याला प्रत्येक वेळी एक खेळी सापडली की पुरते. काळ्याची मात्र सगळी उत्तरे तपासावी लागतात. सुरुवात शहांपासून आणि हत्तीच्या बलिदानांपासून करावी, कारण स्टेलमेट तिथेच दडलेले असते. — संपादक