गोठणबिंदू-अवनमन : मीठ आणि बर्फ

पाण्यात मीठ विरघळल्यावर ते ० अंश सेल्सिअसला न गोठता त्याखालच्या तापमानाला गोठते. या घटनेला गोठणबिंदूचे अवनमन म्हणतात. थंड देशांत रस्त्यावरचा बर्फ हटवण्यासाठी मीठ टाकतात ते याच आधारावर. भोर तालुक्यातल्या कापूरहोळला रस्ता गोठण्याची वेळ येत नाही. तिथल्या वाचकाला हे तत्त्व दिसते ते हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटमध्ये.

बर्फ आणि पाणी एकत्र असताना बर्फातून रेणू सतत सुटतात आणि पाण्यातले रेणू बर्फाला येऊन चिकटतात. शून्य अंशाला ही देवघेव बरोबरीची असते. पाण्यात मीठ उतरले की सोडियम आणि क्लोराइडचे आयन जागा अडवतात, त्यामुळे चिकटणारे रेणू कमी होतात. सुटणारे तेवढेच राहतात. बर्फ वितळत जातो. वितळायला लागणारी उष्णता तो आजूबाजूकडूनच खेचतो, म्हणून तापमान आणखी उतरते. महत्त्व कणांच्या संख्येला आहे, पदार्थाला नव्हे. मिठाचा एक रेणू दोन कण देतो, साखरेचा एकच, तोही वजनाने कितीतरी जड.

साखरही गोठणबिंदू उतरवते, आणि पॉटची सारी अडचण तिथेच आहे. दूध मुळातच उणे अर्ध्या अंशाच्या आसपास गोठू लागते. लिटरभर दुधात दीडशे ग्रॅम साखर घातली की आणखी अंशभर खाली. शून्य अंशाच्या नुसत्या बर्फात हे मिश्रण कितीही फिरवले तरी गोठणार नाही. म्हणून डब्याभोवती चार किलो फोडलेल्या बर्फाला सुमारे किलोभर खडेमीठ थर देत घालतात. बादलीतले तापमान मग उणे १० ते १५ अंशांपर्यंत जाते. मिठाच्या पाण्याची सैद्धांतिक मर्यादा उणे २१ अंश, तीही वजनाने सुमारे २३ टक्के मीठ असताना. ३० अंशांवरचे लिटरभर दूध थंड करून त्यातले निम्मे पाणी गोठवायला किलोभराच्या आसपास बर्फ वितळावा लागतो. बाकीचा बर्फ बहुतांशी बाहेरच्या उन्हाशी झुंजतो.

मीठ कमी पडले तर मिश्रण सावकाश गोठते आणि आइस्क्रीम जिभेला खरखरीत लागते, कारण स्फटिक मोठे होतात. जास्त पडले तर कडेचा थर लगेच दगडासारखा होतो, हँडल जड होते आणि मधले दूध पातळच राहते. खारे पाणी सगळे ओतून टाकू नये, कारण डब्यातली उष्णता बर्फाच्या खड्यांपेक्षा ते चांगली ओढून घेते. मात्र त्याची पातळी झाकणाखाली हवी, नाहीतर आइस्क्रीम खारट!

पॉटमध्ये बर्फाने उष्णता खेचणे हवेच असते, रस्त्यावर ही बाजू उलटते. तिथे बर्फ वितळवायला लागणारी उष्णता जमिनीतून, उन्हातून आणि चाकांच्या घर्षणातून यावी लागते. उणे ९-१० अंशांखाली साधे मीठ इतके मंद काम करते की तिथे कॅल्शियम क्लोराइड वापरतात. त्याचा एक रेणू तीन कण देतो आणि विरघळताना स्वतःच उष्णता सोडतो.